लाखेचे गोठ

मला एका जागी बसून राहणं कधी जमलं नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि नशीब असं की लग्न होऊन पडले सोनाराच्या घरात. त्या घरात बैठक हाच धंदा. सकाळी दिवा लावून शेगडीपुढे बसायचं ते दुपारी जेवायलाच उठायचं. रेवदंड्याच्या बाजारात आमचं घर होतं. पडवीत सासऱ्यांचं दुकान, आत आम्ही. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते मांडी मोडायचे नाहीत आणि मी मांडी घालायची नाही. त्यामुळे आमचं एकमेकांशी बरं होतं, असं मी समजत होते.

एकतीस-बत्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. सोन्याला तेव्हा पाय फुटले होते. बावीस रुपयांच्या आतबाहेर वर्षानुवर्षं झोपून असलेला तोळा एकदम उठला आणि चालू लागला. चोवीस, सव्वीस, एकोणतीस. लोक म्हणायचे, आगबोटी भरभरून सोनं विलायतेला चाललंय. अलिबागहून मोटार आली की तिच्याबरोबर नवा भाव यायचा, आणि मोटारीच्या आधी माणसं पडवीत येऊन बसायची. आज विकावं की उद्या? आज विकलं आणि उद्या वाढला तर? उद्यापर्यंत थांबलं आणि पडला तर? त्या दिवसांत आमच्या पडवीत शांत माणूस एकच होता, तो म्हणजे मामंजी. माझा नवरा तर केव्हाच मुंबईला पळाला होता. सोन्याची उलाढाल तिथं होती, म्हणून तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कामाला लागला. दिवाळीला घरी आला होता, तेव्हाही चुळबुळत होता. मला बोलायला तोंडच नव्हतं, मी त्याच्याच जातीची.

माझ्या हातांत तेव्हा लाखेचे गोठ होते, माहेरचे. आमच्याकडे बायका अंगभर भरीव सोनं कुठून घालणार? सोन्याचा पातळ पत्रा वळवून त्याची नळी करायची आणि आत लाख भरायची. हाताला ठसठशीत दिसतं आणि बापाचं दिवाळं निघत नाही. मोडायची वेळ आली की गोठ शेगडीवर धरायचा. लाख वितळून गळून जाते आणि पत्रा तेवढा राहतो. तो पत्रा म्हणजे तुमचं खरं सोनं. हे आमच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दिवाळीला मामंजींनी माझे गोठ उजाळा द्यायला मागून घेतले होते, आणि परत दिले तेव्हा ते नवरीच्या हातातल्यासारखे लखलखत होते. उजाळ्याच्या आणि मुलाम्याच्या कामात मामंजींचा हात धरणारा कुणी नव्हता. देवांचे मुखवटे त्यांच्याकडे यायचे. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून समुद्राला जो सोन्याचा नारळ जातो, त्याचं पितळी कवच तेच घडवायचे आणि त्यावर पाऱ्यात कालवलेल्या सोन्याचा मुलामा तेच चढवायचे.

श्रावण लागला होता. पौर्णिमा आठवड्यावर आली होती, तेव्हा कोळीवाड्यातली एक बाई आमच्या पायरीवर येऊन बसली. मी तिला ओळखत होते. घरी मासळी तीच द्यायची, आणि मापात कधी हात आखडायची नाही. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी होता. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा परक्या बंदरात तापानं गेला. मागे एक लहान मुलगी, अर्धी होडी आणि त्याची एक पत्र्याची पेटी. होडीचा दुसरा अर्धा हिस्सा दिराचा. दिरानं आता मुंबईला गोदीत जायचं ठरवलं होतं. तो म्हणाला होता, पौर्णिमेआधी माझ्या अर्ध्याचे दीडशे रुपये दे, होडी तुझी. नाही तर गिऱ्हाईक तयार आहे, सगळी होडी विकून तुझे तुला देतो. तिचा भाऊ होडी चालवायला तयार होता. होडी राहिली तर ती आपल्या घरची मालकीण, नाही तर दुसऱ्याच्या मासळीची पाटी डोक्यावर घेणारी.

"आबा, भाव काय चाललाय?" तिनं मामंजींना विचारलं.

"तिसाच्या घरात."

तिनं पदराची गाठ सोडली. आत घड्याळाची साखळी होती, जाडजूड, लांब, पिवळीधमक. शिवाय सहा बांगड्या. साखळी तिनं बाजूला ठेवली, बांगड्या पुढं केल्या. आधी लहान मासा टाकून पाहायची कोळणीची रीत. मामंजींनी एक बांगडी कसोटीच्या दगडावर ओढली. पिवळा कस उमटला. त्यावर काडीनं तेजाब टेकवलं, तशी हिरवी फसफस झाली आणि कस नाहीसा झाला.

"पितळेवर सोन्याचं पाणी दिलंय," मामंजी म्हणाले. "मोडीत शून्य. घालायला चांगल्या आहेत, घाल."

ती हसली. "ह्ये मलाबी ठावं व्हतं. बंदरावर टोपलीनं इकतात. आता ह्ये बघा." आणि तिनं साखळी काट्यावर स्वतःच ठेवली. पाच तोळे भरली. तिच्या डोळ्यांतला हिशेब मला दिसला. पाच तोळे, तिसाचा भाव. दीडशे. बोटं मोजायचीही गरज नव्हती.

तिचे हातही मी पाहिले. तिच्याही हातांत लाखेचे गोठ होते, तिच्या आईचे. साखळी विकायची आणि गोठ ठेवायचे, हे तिनं पायरी चढण्याआधीच ठरवलेलं होतं.

मामंजींनी साखळी दगडावर ओढली. कस पिवळा आला. तेजाब लावलं, तरी जागचा हलला नाही. ती माझ्याकडे बघून हसली, मीही हसले. पण मामंजी हसले नाहीत. त्यांनी साखळी हातात तोलली, उजेडाकडे धरली, आणि जिथं कडीत कडी घासते तिथं नखानं दाखवलं. तिथं फिकट, पांढुरकं पितळ डोळे उघडून बसलं होतं.

"पाच तोळे सोनं असतं तर साखळी याच्या निम्मी दिसली असती. ही रोल्डगोल्ड आहे," ते म्हणाले. "पितळेवर सोन्याचा पत्रा दाबून बसवतात. पाण्यापेक्षा जाड, म्हणून तेजाबानं लगेच जात नाही. कानस लावून खोल खाच पाडली की कळतं. आणि हा ठसा बघ. एकाखाली वीस. म्हणजे वीस भागांत एक भाग सोनं. पाच तोळ्यांत पाव तोळा. तेही अर्ध्या कसाचं. चार रुपयांचंसुद्धा होत नाही, आणि ते पितळेतून सोडवायला तेजाब त्याहून जास्त लागेल. मोडीत मी हिला हात लावणार नाही."

"मंग हिची किंमत काय?"

"साखळी म्हणून किंमत आहे. अलिबागच्या कचेरीतला एखादा कारकून कोटाला लावायला सात-आठ रुपये देईल. मी विचारून ठेवतो. आहे तशीच ठेव, घासूसुद्धा नकोस."

तिनं साखळी परत हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "पत्रा सोन्याचा हाय ना पर? मंग आतलं काढून टाका. गोठाची लाख काढता तशी."

मामंजी नको तिथं हसले. म्हणाले, "लाख आणि पितळ एक नव्हे गं." आणि पुढचं गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडे वळले. मला त्यांचा राग आला. एवढ्या बोलक्या माणसानं नेमकी तिथं जीभ का आखडावी? लाख आधी वितळते आणि पत्रा उभा राहतो. पितळ आणि वरचा पत्रा मात्र जवळपास बरोबरीनंच वितळतात आणि एकमेकांत मिसळून जातात. एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं? पण बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण ती तोवर पायरी उतरून निघून गेली होती. तिच्या नवऱ्यानं साखळी आणली तेव्हा सगळ्या कोळीवाड्याला दाखवली होती. आता तो मेल्यावर त्याचं सोनं खोटं ठरवणारा सोनार तिला नको होता.

दुसरा दिवस मला घरात काढवेना. उगाच भांडी घासली, उगाच तुळशीला दोनदा पाणी घातलं. शेवटी मासळीचं निमित्त करून कोळीवाड्यात गेले. ती दारातच बसली होती, आणि तिच्या पुढ्यात करवंट्यांच्या कोळशाची थंड झालेली चूल. काय झालं ते विचारावं लागलं नाही. फुंकून फुंकून तिचे डोळे सुजले होते. राखेत कड्यांचा एक गोळा पडला होता, काळा, मधूनच मळकट पिवळा. कड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. तो आता सोनाराला नको होता आणि कारकुनालाही नको.

"लाखेवानी गळंल वाटलं," ती म्हणाली. "बाय, माझा माणूस मला फसवंल का गो? त्यालाच कुनी फसवलं आसंल."

मला रडू आलं आणि त्याच वेळी चीडही आली. तिची नव्हे. त्या एकाखाली वीस लिहिणाऱ्यांची. कोणाला कळावं म्हणून लिहितात ते? मी तिच्याशेजारी बसले. बसले म्हणजे काय, उकिडवी, उठायच्या तयारीत. तिची पाच वर्षांची मुलगी खाडीच्या पाण्यातून पाय ओले करून आली आणि आमच्यापुढून नाचत गेली. तिच्या एका पायात नजरेसाठी तांब्याचं वाळं होतं. त्या वाळ्याखाली कातडीवर हिरवी रेघ उमटली होती. खारं पाणी तांब्याला सोडत नाही. दुसऱ्या पायात एक कड्याकड्यांची लालसर साखळी दोन वेढे देऊन बांधली होती. तिच्याखाली मात्र पाय स्वच्छ होता.

मी त्या पोरीचा पाय धरला. ती किंचाळली.

"ते काय आहे?"

"तांब्याचं हाय. त्याच्याच पेटीत व्हतं. लाल म्हनून पोरीला दिलं, खेळायला."

"कधीपासून आहे पायात?"

"दोन सालं झाली."

दोन वर्षं खाडीत बुडून हिरवं न होणारं तांबं मी काही पाहिलं नव्हतं. साखळी अडकवायच्या फाशावर बारीक ठसा होता, इंग्रजी अठराचा. इंग्रजी मला येत नव्हतं, पण आकडे सोनाराच्या घरात मांजरालाही येतात. आमच्या बायका बावीस-तेवीस कसाचं पिवळंजर्द सोनं पाहिलेल्या. लालसर दिसलं की तांबं म्हणून मोकळ्या होतात. विलायती अठरा कॅरेटमध्ये चोवीस भागांत अठरा सोनं आणि बाकी बरंचसं तांबं घालतात, म्हणून ते लालसर दिसतं. आमच्या भाषेत रुपयात बारा आणे सोनं.

"चल," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता चल."

मामंजींनी त्या साखळीचा कस ओढला. शेजारी बारा आणे कसाच्या सळईचा ओढला. दोन्ही रेघा जुळल्या. शंका नको म्हणून कानशीनं खाच पाडून पाहिली, आतही तेच. वजन अडीच तोळे.

"खरं आहे," ते म्हणाले. "मनगटात दुहेरी वेढ्यानं घालायचं घडणीचं काम आहे. दुकानात याला शंभरही दिले असतील त्यानं. पण घडणावळ गेली ती गेली, ती कोणी परत देत नाही. सोन्याचे तेवढे मिळतील. वीस रुपये तोळ्यानं पन्नास देईन."

"बारा आणे कस म्हणजे साडेबावीस होतात की," मी आतून म्हटलं. सुनेनं पडवीतल्या व्यवहारात तोंड घालायचं नसतं, पण माझं तोंड मला विचारून कधी चालत नाही.

"हे इथं कोण घालणार? गाळून शुद्ध करावं लागेल. तेजाबाचा खर्च, घट."

"गाळायचं कशाला, मामंजी? दुप्पट चोख सोन्यात टाकलंत की बावीसचं होतं. एवीतेवी त्यात तुम्हाला तांबं घालावं लागतंच. हिच्या सोन्यात ते आयतंच आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आम्ही भांडायचो नाही. पण त्या दिवशी मी दारातून हलले नाही. शेवटी म्हणाले, "छप्पन देतो. आत जा."

मी आत गेले नाही. छप्पन झाले. दीडशेला अजून बराच समुद्र बाकी होता. तिनं खोबरेल मागितलं. मी वाटी आणून दिली. तेल लावून तिनं हातांतले गोठ उतरवले. एक अडला, तिनं दात खाऊन ओढला. मनगटावर पांढरा पट्टा राहिला.

मामंजींनी गोठ कापून शेगडीवर धरले. लाख धुरकटली, मऊ झाली आणि थेंब थेंब गळू लागली. तो वास मला अजूनही नकोसा वाटतो. सगळी लाख गेल्यावर चिमट्यात राहिला तो पत्रा, वाळक्या पानासारखा हलका. ती टक लावून बघत होती.

"माझी साखळी आशीच व्हायला पायजे व्हती," ती म्हणाली.

पत्रा तीन तोळ्यांना थोडा कमी भरला. बावीसच्या कसानं त्याचे अठ्ठ्याहत्तर. एकूण एकशे चौतीस झाले. सोळा कमी. साखळी जळाली नसती तरी आठ कमीच पडले असते, असं मी तिला सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून, पण खरंही होतं. ती म्हणाली, दिराचे पाय धरते, आठवडाभर थांब म्हणते. दीर थांबणार नाही हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती गेली.

मला राहवेना. सोळा रुपयांसाठी होडी जाते म्हणजे काय? मी पडवीत आले आणि माझ्या उजव्या हातातला गोठ उतरवून मामंजींपुढे ठेवला.

"हा मोडा. त्यातले सोळा तिला द्या, बाकीचं सोनं मला ठेवा. ती हंगामात फेडील."

मामंजींनी गोठाला हात लावला नाही. कसोटी शेजारीच होती, तीही उचलली नाही. शेगडीतली राख उगाच सारखी करत म्हणाले, "तो ठेव. घाल हातात."

"का?"

"घाल म्हणतो ना."

आयुष्यभर ज्या माणसानं देवाच्या मुखवट्यालाही कस लावल्याशिवाय हात घातला नाही, तो माझ्या गोठाला कस लावत नव्हता. मीच दगड ओढला. गोठ दाबून, जीव खाऊन घासला, खालचं वर येईतो घासला. काडीनं तेजाब टेकवलं. हिरवी फसफस झाली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. माझ्या हातचं कांकण मला दिसलं नव्हतं. कोळणीच्या पोरीच्या पायातलं सोनं ओळखणारी मी, नऊ महिने तांबं घालून मिरवत होते.

"दिवाळीला?" मी विचारलं.

"हो. तुझा नवरा मुंबईहून आला तेव्हा म्हणाला, भाव पंचविसाला गेलाय, असा पुन्हा येणार नाही. आत्ता विकू, उतरला की तेवढंच सोनं स्वस्तात घेऊ, वरचे आपले. तुला कळायच्या आत परत करू. तांब्याचा पत्रा मी जाड घेतला, वजनाला लागावा म्हणून. मुलामा तीनदा चढवला."

"चांगला चढवलात," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. नंतर मात्र बरंच सुचलं आणि ते सगळं मी बोलले. शेजारच्या वाण्यानं दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली होती म्हणे. मामंजी ऐकत राहिले. मग उठले. दुपार व्हायच्या आत ते मांडी मोडून उठलेले मी पहिल्यांदा पाहिले. नारळाच्या कवचाची मजुरी आणि त्यांच्या स्वतःच्या डबीतले काही, असे सोळा रुपये त्यांनी माझ्यापुढे ठेवले. ते म्हणाले नाहीत कशाचे, मी विचारलं नाही. मी तडक कोळीवाड्यात जाऊन ते तिच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, मामंजींचा हिशेब चुकला होता.

पौर्णिमेला मी खाडीच्या तोंडाशी गेले. होडी रंगवून झेंडू लावून उभी होती. तिचा भाऊ शिडाची दोरी धरून होता. ती नटून आली होती, हातांत त्या सहाही बांगड्या. उन्हात चमकत होत्या. दीर, होडीला आलेलं गिऱ्हाईक, व्यापारी, सगळे बघत होते, आणि बाईकडे अजून काहीतरी शिल्लक आहे असं त्यांना वाटत होतं. मोडीत शून्य असलेल्या बांगड्यांनी त्या दिवशी तिची लाज राखली. गुलालात सोन्याचा नारळ पाण्यात सोडला, तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "दर्या कसोटी लावत न्हाय, म्हनून बरं."

मग तिनं माझा डावा, न घासलेल्या गोठाचा हात हातात घेतला आणि गोठावरून अंगठा फिरवला.

"तुमचं झकास हायेत गो बाय. जपा. भाव उतरला का मी बी परत आसंच करीन."

"कर," मी म्हटलं. "आपण दोघी मिळून करू."

तिला वाटलं मी थट्टा केली. ती मोठ्यानं हसली आणि माझा हात तसाच धरून होडीकडे निघाली. भाव त्या वर्षी उतरला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी मात्र मोटार यायच्या वेळेला रोज पडवीत जाऊन उभी राहायची.